चार कॉइन, चार स्टॉपलॉस, पण पैज एकच

एका क्रिप्टो ट्रेडरचं खातं उदाहरणासाठी घेऊ. खात्यात १०,००० डॉलर आहेत. एका सौद्यात खात्याच्या २ टक्क्यांहून जास्त गमवायचं नाही, हा त्याचा नियम आहे आणि तो तो काटेकोर पाळतो. ईथरमध्ये त्याने लाँग, म्हणजे भाव वाढेल यावर लावलेला सौदा, घेतला आहे, कारण चार्टवरचा जुना आधार टिकला. सोलानात लाँग आहे, कारण त्या नेटवर्कवरचे व्यवहार वाढताना दिसतात. चेनलिंकने अडथळ्याची पातळी ओलांडली म्हणून तिथे लाँग आहे. अ‍ॅव्हलांच बाकीच्यांच्या मागे राहिला आहे, आता तो अंतर भरून काढेल, म्हणून तिथेही लाँग. कारणं चार, चार्ट चार, आणि तोटा ठरल्या मर्यादेला पोचला की सौदा आपोआप बंद करणारे स्टॉपलॉसही चार. कुठलाही एक लागला तर २०० डॉलर जातील, अशा हिशेबाने प्रत्येकाचा आकार ठरवलेला आहे.

मग एका दुपारी बिटकॉइन सहा टक्के घसरतो आणि चारही स्टॉपलॉस एकामागोमाग लागतात. ८०० डॉलर जातात, म्हणजे खात्याचे ८ टक्के. नियम कुठेच मोडलेला नाही, तरी नुकसान ठरवलेल्या मर्यादेच्या चौपट आहे.

इथे चार अंदाज एकदम चुकले असं वाटतं, पण नीट पाहिलं तर त्या अंदाजांची परीक्षाच झाली नाही. सोलानावरचे व्यवहार खरंच वाढत आहेत का, अ‍ॅव्हलांच मागचं अंतर भरून काढेल का, यातल्या कशाचाही निकाल त्या दुपारी लागला नाही. निकाल एकाच प्रश्नाचा लागला: बिटकॉइन वर जाईल की खाली? आणि त्या प्रश्नावर या ट्रेडरने चार वेळा पैसे लावले होते, एकदाही मुद्दाम न ठरवता.

हे उघड्या डोळ्यांनी, आकड्यांत कसं पाहायचं आणि सौदा घेण्याआधी कसं ओळखायचं, ते आता पाहू. त्यासाठी गणित फार लागत नाही. एक स्प्रेडशीट आणि दोन सूत्रं पुरतात.

ऑल्टकॉइन बिटकॉइनच्या मागे का जातात

पहिलं कारण बाजाराच्या इतिहासात आहे. अनेक वर्षं बहुतेक ऑल्टकॉइन, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीचे कॉइन, डॉलरमध्ये नाही, तर बिटकॉइनमध्येच विकत घेतले जात. ज्या कॉइनची किंमत बिटकॉइनमध्ये ठरते, तिची डॉलरमधली किंमत म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार असतो: त्या कॉइनचा बिटकॉइनमधला भाव आणि बिटकॉइनचा डॉलरमधला भाव. पहिला आकडा जागचा हलला नाही तरी दुसरा घसरला की गुणाकार घसरतोच.

आज बहुतेक उलाढाल डॉलरशी भाव बांधलेल्या स्टेबलकॉइनच्या जोड्यांत होते, पण सवय गेलेली नाही, उलट ती यंत्रणेत मुरली आहे. एक्स्चेंजवर दोन्ही बाजूंच्या ऑर्डर लावून ठेवणारे मार्केट मेकर शेकडो कॉइनचे भाव देतात. त्यांच्याकडे साठलेली जोखीम ते पटकन उतरवतात ती बिटकॉइन आणि ईथरच्या फ्युचर्समध्ये, कारण तिथे खरेदीदार आणि विक्रेते सर्वात जास्त आहेत. त्यामुळे बिटकॉइन हलला की त्यांचे प्रोग्रॅम ऑल्टकॉइनच्या खरेदीच्या ऑर्डर लगेच खाली सरकवतात. त्या कॉइनविषयी कोणतीही बातमी आलेली नसते, कोणी मोठी विक्री केलेली नसते, तरी भाव उतरलेला असतो. त्यात भर म्हणजे मोठे पैसे लावणारे बरेच जण क्रिप्टोकडे एकच गट म्हणून पाहतात. जोखीम कमी करायची ठरली की ते सगळ्यातूनच थोडंथोडं काढतात.

सहसंबंध आणि बीटा: दोन वेगळे प्रश्न

सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती वेळा आणि किती नेमाने एकत्र हलतात याचं माप. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. १ म्हणजे पूर्ण एकत्र, ० म्हणजे एकमेकांशी देणंघेणं नाही. पण सहसंबंध किती मोठी हालचाल होईल ते सांगत नाही. बिटकॉइन १ टक्का हलला की दर वेळी बरोबर ३ टक्के हलणाऱ्या कॉइनचा सहसंबंध १ असतो, आणि दर वेळी बरोबर अर्धा टक्का हलणाऱ्याचाही १ असतो. खात्यासाठी या दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

हा दुसरा प्रश्न बीटा सोडवतो. बीटा १.६ म्हणजे बिटकॉइन १ टक्का घसरला तर तो कॉइन सरासरी १.६ टक्के घसरतो. दोघांचं नातं सोपं आहे: सहसंबंधाला कॉइनच्या चढउताराने गुणायचं आणि बिटकॉइनच्या चढउताराने भागायचं. समजा बिटकॉइन दिवसाला साधारण २.५ टक्के हलतो, कॉइन ५ टक्के हलतो आणि त्यांचा सहसंबंध ०.८ आहे. मग बीटा झाला ०.८ गुणिले २, म्हणजे १.६.

त्याच ०.८ मधून आणखी एक उपयोगी गोष्ट कळते. त्याचा वर्ग ०.६४ होतो. म्हणजे त्या कॉइनच्या चढउताराचा, सांख्यिकीच्या भाषेत प्रसरणाचा, ६४ टक्के भाग एकट्या बिटकॉइनच्या चालीने समजावता येतो. त्या कॉइनचं तंत्रज्ञान, त्याची टीम, त्याचा चार्ट, त्याच्या बातम्या या सगळ्यांच्या वाट्याला उरलेला ३६ टक्के भाग येतो. बहुतेक जण आपला सगळा अभ्यास या ३६ टक्क्यांवर करतात आणि पैसे मात्र शंभर टक्क्यांवर लावतात.

मोजायचं कसं

रोजचे बंद भाव घ्या. ए रकान्यात तारीख, बी मध्ये बिटकॉइनचा भाव, सी मध्ये ऑल्टकॉइनचा. दोन्ही भाव एकाच वेळचे हवेत, एक्स्चेंजवरचा दिवस साधारणपणे यूटीसी वेळेनुसार मध्यरात्री बदलतो. मग डी आणि ई रकान्यांत रोजचा बदल काढा आणि ९० दिवसांच्या बदलांवर दोन सूत्रं लावा:

```
D3: =B3/B2-1
E3: =C3/C2-1
=CORREL(D3:D92, E3:E92)
=SLOPE(E3:E92, D3:D92)
```

वरच्या दोन ओळी खालपर्यंत ओढून घ्यायच्या. तिसरी ओळ सहसंबंध देते, चौथी बीटा. `SLOPE` मध्ये ऑल्टकॉइनचा रकाना आधी आणि बिटकॉइनचा नंतर यायला हवा. क्रम उलटला तरी सूत्र तक्रार करत नाही, उत्तर मात्र भलतंच येतं. मोठ्या चढउताराच्या कॉइनचा बीटा संशयास्पदरीत्या लहान, ०.४ वगैरे दिसला तर आधी हा क्रम तपासा.

सहसंबंध भावांवर नाही, बदलांवर काढायचा, हे महत्त्वाचं आहे. दोन भाव तीन महिने वर चढत असतील तर त्यांच्या रोजच्या हालचालींचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी भावांचा सहसंबंध ०.९ येऊ शकतो, कारण दोघेही चढत आहेत एवढंच तो पाहतो. ट्रेडिंगव्ह्यूवरचा `Correlation Coefficient` हा तयार इंडिकेटर थेट बंद भावांवर चालतो. त्यामुळे त्याची रेघ कधी ०.९५ वर तर थोड्याच दिवसांत उणे ०.३ वर, अशी उड्या मारताना दिसते. ती पाहून "आता हा कॉइन बिटकॉइनपासून सुटला" असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. स्वतः काढलेला बदलांचा आकडा बराच स्थिर असतो.

९० दिवसांच्या जोडीला ३० दिवसांचाही आकडा काढावा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर काम झालं. ३० दिवसांचा बराच वेगळा असेल तर त्या काळात त्या कॉइनच्या बाबतीत काहीतरी खास घडलं आहे का ते पाहायचं, आणि शंका असेल तर हिशेबासाठी दोनपैकी मोठा बीटा धरायचा.

चारही सौदे बिटकॉइनमध्ये मांडून पाहू

आता पहिल्या उदाहरणाकडे जाऊ. बीटाचे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. तुमचे तुम्हीच काढायचे.

| कॉइन | सौद्याचा आकार | स्टॉपलॉस | बीटा |
|---|---|---|---|
| ईथर | ४,००० डॉलर | ५ टक्के | १.२५ |
| सोलाना | २,५०० डॉलर | ८ टक्के | १.६ |
| चेनलिंक | २,५०० डॉलर | ८ टक्के | १.५ |
| अ‍ॅव्हलांच | २,००० डॉलर | १० टक्के | १.७५ |

प्रत्येक ओळीत आकार आणि स्टॉपलॉस यांचा गुणाकार २०० डॉलर येतो. नियमाप्रमाणे सगळं ठीक दिसतं.

आता प्रत्येक आकाराला त्याच्या बीटाने गुणा. ईथरचे ४,००० डॉलर म्हणजे ५,००० डॉलरच्या बिटकॉइनएवढी हालचाल. सोलानाचे ४,०००, चेनलिंकचे ३,७५०, अ‍ॅव्हलांचचे ३,५००. बेरीज १६,२५० डॉलर. याला या खात्याचा बिटकॉइन-समतुल्य आकार म्हणू. खात्यात दहा हजार आहेत आणि बिटकॉइनवर सव्वासोळा हजारांचा लाँग उभा आहे, जरी बिटकॉइन हे नाव खुल्या सौद्यांच्या यादीत कुठेही नसलं तरी.

दुसरं काम आहे स्टॉपलॉसचं, आणि हा भाग मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो. प्रत्येक स्टॉपलॉसच्या टक्केवारीला त्याच्या बीटाने भागा. ईथरचा स्टॉपलॉस लागण्यासाठी बिटकॉइनने किती घसरायला हवं? ५ भागिले १.२५, म्हणजे ४ टक्के. सोलानासाठी ८ भागिले १.६, म्हणजे ५ टक्के. चेनलिंकसाठी ५.३ टक्के. अ‍ॅव्हलांचसाठी ५.७ टक्के. चार वेगळ्या चार्टवर, चार वेगळी कारणं देऊन लावलेले स्टॉपलॉस बिटकॉइनच्या एकाच चार्टवर आणले तर ४ ते पावणेसहा टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात येऊन बसतात. बिटकॉइनसाठी एका दिवसात एवढी घसरण काही जगावेगळी नाही.

आता या ट्रेडरला एकच प्रश्न विचारायचा. १६,२५० डॉलरचा बिटकॉइन लाँग, ५ टक्क्यांवर स्टॉपलॉस, नुकसान झालं तर ८१२ डॉलर, असा एक सौदा समोर ठेवला तर तो घेईल का? २ टक्क्यांचा नियम पाळणारा माणूस तो घेणार नाही, चौपट आकार म्हणून लगेच बाजूला सारेल. पण त्याच्या खात्यात जवळजवळ हाच सौदा चार नावांनी उघडा आहे.

आणखी कॉइन घेतल्याने काय होतं

सगळे सौदे सारख्या जोखमीचे असतील आणि त्यांचा आपसातला सहसंबंध माहीत असेल, तर खरोखर वेगळ्या पैजा किती आहेत याचा अंदाज देणारं एक सूत्र आहे. `N` म्हणजे सौद्यांची संख्या आणि `r` म्हणजे आपसातला सरासरी सहसंबंध:

```
N / (1 + (N - 1) * r)
```

चार सौदे आणि सहसंबंध ०.७५ असेल तर उत्तर १.२३ येतं. चार सौद्यांत सव्वा पैज. आता आणखी सहा कॉइन घेऊन दहा करा: उत्तर १.२९. सहा नवे चार्ट अभ्यासले, सहा वेळा शुल्क भरलं, सहा जागी लक्ष ठेवलं, आणि विविधता वाढली ती न जाणवण्याइतकी. जोखीम मात्र प्रत्येक सौद्यागणिक पूर्ण २ टक्क्यांनी वाढत गेली. म्हणून "मी दहा कॉइनमध्ये विभागलं आहे" या वाक्यात फारसा दिलासा नाही.

पैज दुहेरी होण्याच्या काही जागा सौद्यांच्या यादीत दिसतही नाहीत. खात्यातलं मार्जिन स्टेबलकॉइनऐवजी बिटकॉइन किंवा ईथरमध्ये ठेवलेलं असेल तर तोच एक मोठा लाँग आहे. घसरणीत सौदा तोट्यात जातो आणि त्याला आधार देणारं तारणही त्याच वेळी लहान होतं. दीर्घकाळासाठी घेऊन ठेवलेले कॉइन, स्टेकिंगमध्ये अडकवलेले, कर्जासाठी तारण ठेवलेले, हे सगळे याच बेरजेत धरायला हवेत. लोक त्यांना "ते वेगळं आहे, ते ट्रेडिंग नाही" म्हणून बाजूला ठेवतात, पण बाजार घसरताना असा फरक करत नाही.

घसरणीत आकडे बदलतात

९० दिवसांचा बीटा ही सरासरी आहे, आणि त्यात शांत दिवसच जास्त असतात. शांत दिवशी प्रत्येक कॉइनला स्वतःच्या गोष्टीवर हलायला वाव मिळतो. मोठ्या घसरणीच्या दिवशी तो वाव संपतो. याचं कारण लिव्हरेज, म्हणजे उधारीच्या पैशाने वाढवलेले सौदे.

क्रॉस मार्जिनवर सगळ्या सौद्यांना एकच तारण असतं. एका कॉइनमध्ये तोटा झाला की बाकीच्या सौद्यांच्या मागचा आधारही आटतो. मर्यादा ओलांडली की एक्स्चेंजची यंत्रणा सौदे जबरदस्तीने बंद करू लागते, म्हणजे बाजारात विक्री ओतते. त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्या खात्याची पाळी येते. अशा वेळी मार्केट मेकर आपल्या ऑर्डर काढून घेतात किंवा अगदी विरळ करतात. बिटकॉइनच्या ऑर्डर बुकमध्ये तरीही काही खोली उरते, छोट्या ऑल्टकॉइनमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून शांत दिवसांत १.६ बीटा असलेला कॉइन अशा तासात बिटकॉइनच्या तिप्पट-चौपट पडू शकतो.

१० ऑक्टोबर २०२५ ला हे ठळकपणे दिसलं. अमेरिकेने चीनच्या मालावर १०० टक्के वाढीव आयातशुल्क लावण्याची घोषणा केली आणि साधारण चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे क्रिप्टो सौदे लिक्विडेट, म्हणजे जबरदस्तीने बंद, झाल्याची नोंद झाली. बिटकॉइन तेव्हा दहा टक्क्यांहून जास्त घसरला होता, तर कितीतरी ऑल्टकॉइन काही मिनिटांसाठी निम्म्याच्याही खाली गेले. ती बातमी कोणत्याही एका कॉइनची नव्हती, क्रिप्टोचीही नव्हती. तरी सगळे एकत्र गेले.

याचा हिशेब करायचा तर स्प्रेडशीटमध्ये बिटकॉइन २ टक्क्यांहून जास्त पडलेले दिवस वेगळे काढा आणि फक्त त्यांच्यावर `SLOPE` लावून पाहा. ९० दिवसांत असे दिवस थोडेच मिळतील, म्हणून वर्षभराचा डेटा घ्यावा. हा घसरणीचा बीटा सरासरीपेक्षा मोठा निघाला तर जोखमीच्या बेरजेत तोच वापरायचा. आणि स्टॉपलॉस बाजारभावाने बंद होणारा असेल तर अशा वेळी तो ठरवलेल्या पातळीच्या बराच खाली भरला जातो, हेही धरून चालायचं. उदाहरणातलं ८०० डॉलरचं नुकसान हे सगळं सुरळीत भरलं गेलं तरचं आहे.

मग करायचं काय

सर्वात साधा उपाय म्हणजे सौद्यांऐवजी पैजेला मर्यादा घालणं. समजा ट्रेडरने ठरवलं की बिटकॉइनच्या दिशेवर अवलंबून असलेल्या सगळ्या सौद्यांत मिळून ३ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ३०० डॉलरहून जास्त गमवायचे नाहीत. चारही सौदे हवेच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५ डॉलर येतात. आकार त्याच प्रमाणात कमी होतात: ईथर १,५००, सोलाना आणि चेनलिंक प्रत्येकी साधारण ९३८, अ‍ॅव्हलांच ७५०. बिटकॉइन-समतुल्य आकार १६,२५० वरून सुमारे ६,१०० वर येतो. चारही स्टॉपलॉस एकाच दुपारी लागले तरी खातं ३ टक्क्यांनी उतरतं, आणि ते आधीच मान्य केलेलं असतं.

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा चारऐवजी एकच किंवा दोन सौदे घेणं चांगलं. सव्वा पैजेसाठी चार स्टॉपलॉस सांभाळण्याचं काही कारण नसतं. ज्या कॉइनचा चार्ट बिटकॉइनच्या तुलनेत सर्वात मजबूत आहे तो घ्यावा, बाकीचे सोडावेत. ही तुलना डॉलरच्या चार्टवर दिसत नाही. त्यासाठी `ETHBTC`, `LINKBTC` असे जोडीचे चार्ट उघडावे लागतात. तिथे रेघ वर जात असेल तर त्या कॉइनमध्ये स्वतःची काही ताकद आहे. डॉलरमध्ये वर आणि बिटकॉइनच्या तुलनेत आडवी किंवा खाली जाणारी रेघ असेल तर तिथे फक्त बिटकॉइनचीच तेजी दिसते आहे, आणि ती हवी असेल तर बिटकॉइनच घ्यावा. त्यात उलाढाल जास्त, खरेदी-विक्रीच्या भावातला फरक कमी, आणि रात्रीतून एखाद्या प्रकल्पाची वाईट बातमी येण्याची भीती नाही.

दुसरा उपाय हेजचा आहे: ऑल्टकॉइन लाँग ठेवून बिटकॉइन शॉर्ट करणं, म्हणजे तो पडेल यावर पैसे लावणं. चेनलिंकचे २,५०० डॉलर लाँग असतील आणि बीटा १.५ असेल तर बिटकॉइनचा ३,७५० डॉलरचा शॉर्ट लागतो. बिटकॉइन ६ टक्के पडला आणि चेनलिंक अपेक्षेप्रमाणे ९ टक्के पडला तर दोन्हीकडे २२५ डॉलर, हिशेब शून्य. चेनलिंक फक्त ५ टक्के पडला तर तिथे १२५ गेले, शॉर्टमध्ये २२५ आले, निव्वळ १०० डॉलरचा फायदा. पण बिटकॉइन ६ टक्के वाढला आणि चेनलिंक ३ टक्केच वाढला तर चेनलिंकमध्ये ७५ मिळतात, शॉर्टमध्ये २२५ जातात. चेनलिंक वर गेला तरी १५० डॉलरचा तोटा. म्हणजे आता पैज वेगळी आहे: चेनलिंक वाढेल ही नाही, तर बिटकॉइनच्या तुलनेत सरस ठरेल ही. ज्याला खरोखर हेच म्हणायचं आहे त्यानेच हा मार्ग धरावा.

हेजच्या मर्यादाही खऱ्या आहेत. दोन्ही पायांवर फंडिंग, म्हणजे सौदा उघडा ठेवण्यासाठी ठराविक काळाने द्यावे लागणारे पैसे, आणि शुल्क लागू शकतं. बीटा बदलत राहतो, म्हणून शॉर्टचा आकार अधूनमधून बदलावा लागतो. आणि अतिशय मोठ्या घसरणीत एक्स्चेंज ऑटो-डिलिव्हरेजिंग वापरतं. दिवाळखोर खात्यांचा तोटा भरून काढायला पैसा कमी पडला की समोरच्या बाजूचे फायद्यातले सौदे जबरदस्तीने बंद केले जातात. १० ऑक्टोबरच्या घसरणीत अनेकांचे शॉर्ट असेच बंद झाले. शॉर्ट गेला आणि लाँग मात्र तसाच राहिला, तर हेजवर विसंबून मोठा घेतलेला लाँग नेमका सर्वात वाईट तासात उघडा पडतो. म्हणून हेज आहे म्हणून आकार वाढवू नये.

सहसंबंध कमी असला तरी

काही कॉइन खरोखर काही काळ वेगळे चालतात, आणि तेव्हा त्यामागे बहुधा स्पष्ट कारण असतं. २२ डिसेंबर २०२० ला अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक एसईसीने एक्सआरपी या कॉइनशी जोडलेल्या रिपल कंपनीवर खटला भरला. पुढच्या दिवसांत बिटकॉइन नवे उच्चांक करत होता आणि एक्सआरपी कोसळत होता. १३ जुलै २०२३ ला न्यायालयाने त्याच खटल्यात अंशतः रिपलच्या बाजूने निर्णय दिला आणि एक्सआरपी एका दिवसात झपाट्याने उसळला, बिटकॉइनमध्ये त्याच्या आसपासही हालचाल नव्हती. अशा काळात सहसंबंधाचा आकडा उतरतो, आणि ती खरी वेगळी पैज असते. पण वेगळी म्हणजे सुरक्षित नव्हे. बिटकॉइनची जोखीम कमी झालेली नसते, न्यायालयाची, हॅकची किंवा एखाद्या कंपनीच्या दिवाळखोरीची जोखीम तिच्यावर चढलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा सोलाना बिटकॉइनपेक्षा कितीतरी जास्त पडला, कारण त्या गटाकडे सोलानाचा मोठा साठा होता. ते कोणत्याही बीटाने आधी सांगितलं नसतं.

आता शेवटचा प्रसंग: आकार कमी केलेल्या त्या खात्यात चार सौदे आहेत, ३०० डॉलरची मर्यादा पूर्ण वापरलेली आहे, आणि डॉजकॉइनमध्ये चांगली संधी दिसते. तिचा बीटा १.५ आहे आणि स्टॉपलॉस ९ टक्क्यांवर ठेवायचा आहे. थेट पाचवा सौदा घेता येत नाही, एक काढावा लागतो. अ‍ॅव्हलांच घेताना कारण होतं की तो मागे राहिला आहे आणि अंतर भरून काढेल. हा दावा बिटकॉइनच्या तुलनेतला आहे, म्हणून त्याची तपासणी `AVAXBTC` वरच होते. तिथे रेघ अजूनही खालीच जात असेल तर ते कारण उरलेलं नाही. अ‍ॅव्हलांच काढला की ७५ डॉलरची जोखीम आणि सुमारे १,३१२ डॉलरचा बिटकॉइन-समतुल्य आकार मोकळा होतो. डॉजकॉइनसाठी ७५ डॉलरला ९ टक्क्यांनी भागलं तर सौद्याचा आकार ८३३ डॉलर येतो, आणि १.५ ने गुणल्यावर बिटकॉइन-समतुल्य आकार १,२५० डॉलर. तो मोकळ्या झालेल्या जागेत बसतो, एकूण बेरीज ६,१०० च्या आत राहते, आणि सौदा घेता येतो.